गावाच्या चॅनेलची बातमी आणि संपादकाला ईमेल

‘आमच्या गावास थोर ऐतिहासिक परंपरा लाभली असून गावातील होतकरू तरुणांनी यूट्यूब चॅनेलच्या माध्यमातून हा वारसा जगभर पोहोचवण्याचे कार्य हाती घेतले आहे. तरी आपल्या लोकप्रिय दैनिकातून यास योग्य ती प्रसिद्धी द्यावी, ही नम्र विनंती.’

या मजकुराच्या ईमेल जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर सतत येत असतात. अशा डेस्कवर मी काही वर्षं काढली आहेत, त्यामुळे पुढे काय होतं तेही सांगतो. उपसंपादक पहिली ओळ वाचतो आणि ईमेल बाजूला पडते. त्यात आकस नसतो. त्याला त्या मजकुरात गाव सापडत नाही, इतकंच. ‘थोर परंपरा’ हे कोणत्याही गावाबद्दल लिहिता येतं, ‘होतकरू तरुण’ सगळीकडेच आहेत. शिवाय ‘प्रसिद्धी द्यावी’ असं लिहिलं की ईमेल आपोआप वाढदिवस, निवड आणि सत्काराच्या प्रेसनोटांच्या ढिगात जाते.

प्रेसनोट आणि फीचरचा प्रस्ताव यांत फरक आहे. प्रेसनोट कापून-छाटून तशीच लावता येते. तिला पाच मिनिटं पुरतात. फीचर करायचं तर संपादकाला माणूस पाठवावा लागतो, फोटोग्राफरचा अर्धा दिवस द्यावा लागतो, पुरवणीत जागा राखावी लागते. म्हणजे तुम्ही त्याच्याकडे खर्च मागत असता. तो खर्च का करावा, हे ईमेलनंच सांगायला हवं. आणि एक गोष्ट चॅनेलवाल्यांना जरा लागते, पण खरी आहे : चॅनेल सुरू झालं ही बातमी नाही. चॅनेलनं काय शोधून काढलं, ती बातमी असू शकते.

हे सगळं हवेत सांगण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. गाव आणि चॅनेल मी कल्पनेतलं धरतो, पण जागा खरी आहे.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात भीमेवर उजनीचं धरण आहे. ते 1980 मध्ये पूर्ण झालं. पाण्याचा फुगवटा पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरपर्यंत आणि त्याच्याही वर पसरला, नदीकाठची गावं उठली आणि वरच्या अंगाला नवी गावठाणं बसली. उजनीचा पाणीसाठा उन्हाळ्यात ‘मायनस’मध्ये जातो, म्हणजे वापरायचा साठा संपून तळचं मृतसाठ्याचं पाणी उरतं. पाणी असं खाली गेलं की जुनी गावं वर येतात. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर असंच उघडं पडतं आणि ते पाहायला लोक गर्दी करतात. पळसदेवची बातमी दर दुष्काळी उन्हाळ्यात छापून येते. शेजारच्या गावांची येत नाही, कारण तिथं शिखर नाही. तिथं घरांची जोती असतात, एखादी पडकी वेस, आणि चिखलात आडवे पडलेले कोरीव दगड.

समजा, इंदापूर तालुक्यातलं असंच एक गाव आहे. नव्या गावठाणातले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांचा पुतण्या मिळून मोबाइलवर चॅनेल चालवतात. पाणी ओसरलं की ते जुन्या गावठाणात उतरतात. सोबत तिथं राहिलेली म्हातारी माणसं असतात. ती जोत्यांवरून चालत ‘हा आमचा सोपा, ही चावडी, इथं तालीम’ असं दाखवत जातात. एका व्हिडिओत एक दगड दिसतो. त्या व्हिडिओचं शीर्षक आहे : ‘शिवकालीन सरदाराची समाधी सापडली!’

इथं थांबावं लागतं, कारण प्रस्ताव बुडतो तो नेमका इथंच.

दगड नीट पाहू. उभा आयताकृती, पुरुषभर उंचीपेक्षा कमी, एकावर एक तीन चौकटी. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस लढतोय आणि त्याच्या बाजूला गाई आहेत. मधल्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी अप्सरा नेत आहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. हा वीरगळ आहे. खाली मरण, मध्ये स्वर्गाची वाट, वर शिवाचं सान्निध्य. चंद्र-सूर्य असेतो त्याची आठवण राहो, एवढा त्याचा अर्थ. खालच्या गाईंवरून हा माणूस गावची जनावरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडला असावा, असं म्हणता येतं. गोधनासाठी झालेल्या अशा लढायांचे वीरगळ महाराष्ट्रात भरपूर आहेत. यातले बरेच शिवकाळाच्या कितीतरी आधीचे आहेत. दगडावर अक्षर नसेल तर माणसाचं नाव सांगता येत नाही, सालही नाही. ‘सरदार’ हे तर दगडावर कुठंच नाही.

म्हणजे शीर्षकातला एकही शब्द टिकत नाही. पण नीट पाहिलं तर खरी गोष्ट जास्त छापण्याजोगी आहे. कोणा सरदारापेक्षा गाई राखताना मेलेला गावचाच माणूस जिल्ह्याच्या वाचकाला जवळचा वाटतो. मात्र चॅनेलवर ‘शिवकालीन’ लिहिलेलं असताना हे संपादकाला पटवणं अवघड. तो लिंक उघडणार, शीर्षक वाचणार आणि हे लोक ठोकून देतात असं धरून चालणार. ईमेल पाठवण्याआधी व्हिडिओचं शीर्षक बदलायचं, खाली वर्णनात दुरुस्ती लिहायची, आणि मगच पुढं जायचं. व्ह्यूज थोडे कमी होतील. होऊ द्यावेत.

गावच्या इतिहासात तीन प्रकारची विधानं एकमेकांत मिसळलेली असतात. काही डोळ्यांना दिसतं, जसा हा दगड. काही कागदात असतं. आणि काही लोक सांगतात. ‘या दगडाला आम्ही नारळ फोडायचो’ हे आजींनी सांगितलेलं मोलाचं आहे, पण ते सांगितलेलं म्हणूनच मांडायला हवं. ईमेलमध्ये हे तिन्ही वेगळे दिसले की संपादकाचा अर्धा घोर कमी होतो. कारण गावच्या इतिहासात त्याला खरी भीती वेगळीच असते. पाटीलकी कोणत्या भावकीची, देवाचा पहिला मान कोणाचा, गाव कोणी वसवलं, असलं काही एकाच बाजूचं छापलं तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात माणसं येऊन बसतात. माझ्या वेळी एका यात्रेच्या मानावरून असंच झालं होतं. असा वाद चॅनेलच्या व्हिडिओत असेल तर तो ईमेलमध्ये आपणहून सांगून टाकावा, किंवा तो विषय प्रस्तावाबाहेर ठेवावा.

कागदाचं म्हणाल, तर धरणाखाली गेलेल्या गावासाठी काही कागद घरबसल्या मिळतात. 1971 च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावागणिक क्षेत्र, घरं आणि लोकसंख्या दिलेली आहे. उजनीत पाणी अडण्याआधीची ही शेवटची मोजणी, त्यामुळे ‘गाव मोठं होतं हो’ याऐवजी आकडा देता येतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुना गावनकाशा मागता येतो. त्यात गावठाण, ओढा, रस्ते आणि सर्व्हे नंबर असतात. म्हातारी माणसं ज्याला वेस म्हणतात ती जागा नकाशावर ताडून पाहता येते. पुणे जिल्ह्याचं ब्रिटिशकालीन गॅझेटियर 1885 सालचं. त्यात गावाची नोंद असलीच तर ओळ-दोन ओळींचीही चालते. यातला एखादाच कागद हाती असला तरी पुरे. सगळे गोळा करायच्या नादात उन्हाळा निघून जातो.

आता ईमेल. ती अशी असेल :

विषय : उजनी खाली गेली की दिसणारं आमचं जुनं गाव, मेमध्ये फीचर होऊ शकेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उजनीचं पाणी ओसरतंय. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत इंदापूर तालुक्यातलं आमचं जुनं गावठाण पायी जाता येईल इतकं उघडं पडेल, असा गेल्या काही उन्हाळ्यांचा अनुभव आहे. गाव उठलं तेव्हा तरुण असलेली चार-पाच माणसं आज नव्या गावठाणात आहेत. जोत्यांवर उभं राहून ती कुणाचं घर कुठं होतं ते सांगतात. आम्ही हे व्हिडिओत नोंदवत आहोत आणि त्यावरून जुन्या गावाचा घरवार नकाशा तयार करत आहोत. 1971 च्या जनगणनेतली घरांची संख्या आणि लोकांना आठवलेली घरं यांचा मेळ घालणं चालू आहे. काही घरं अजून सापडलेली नाहीत.

गावठाणात एक वीरगळ आहे. त्यावर गाईंसह लढाई कोरली आहे, अक्षर नाही. तो कोणाचा आणि कधीचा, हे आम्हाला सांगता येत नाही. गावात त्याला नारळ फोडायची रीत होती, असं आजी सांगतात. पूर्वी आमच्या व्हिडिओत त्याला शिवकालीन म्हटलं होतं; ते शीर्षक बदललं आहे.

चॅनेल माझं आणि माझ्या काकांचं आहे. त्यावर जाहिरात किंवा वर्गणी नाही. अठ्ठावीस मिनिटांच्या व्हिडिओतला पाहण्याजोगा भाग 4 मिनिटं 12 सेकंदांपासून आहे. लिंक थेट तिथंच उघडेल. मुलाखत दिलेल्या तिघांना वर्तमानपत्रात येण्याबद्दल विचारलं आहे. दोघांची हरकत नाही, एकांना नाव नको आहे.

तीन फोटो जोडले आहेत. आपला प्रतिनिधी येणार असेल तर सकाळी लवकर यावं. गाळ आहे, वाट आम्ही दाखवू. तालुक्याच्या आपल्या वार्ताहरांना याची कल्पना दिली आहे. हा प्रस्ताव सध्या फक्त आपल्याकडे पाठवत आहे.

कळावे,
आपला,
(पूर्ण नाव, गाव, तालुका, मोबाइल)

एवढंच. फोनवर वाचली तर दोनदा अंगठा सरकवून संपते.

विषयाची ओळ पाहा. फोनवर ईमेल आली की विषयातले पहिले काही शब्दच दिसतात. ‘फीचरबाबत विनंती’ असं सुरू केलं तर गाव दिसतच नाही. म्हणून उजनी आधी. उजनी हा शब्द त्या भागातल्या कोणत्याही संपादकाच्या डोळ्यात भरतो. पाणीसाठ्याची टक्केवारी तो उन्हाळ्यात वरचेवर छापत असतो. आपली गोष्ट त्याच्या चालू बातमीला जोडली गेली, की ‘आत्ता का?’ हा प्रश्न उरत नाही.

‘काही घरं अजून सापडलेली नाहीत’ हे वाक्य पुतण्यानं पहिल्या खर्ड्यात काढून टाकलं असतं, काम अपुरं दिसतं म्हणून. मी असतो तर तेच ठेवायला लावलं असतं. त्या वाक्यामुळं वाचकाला करण्यासारखं काही मिळतं. उठलेल्या गावातली माणसं आता पुण्यात, बारामतीत, पिंपरीत आहेत. फीचर वाचून कुणी तरी फोन करतो, ‘चावडीच्या मागं आमचं घर होतं.’ संपादकाला हे पक्कं माहीत असतं. लेख आल्यावर फोन येणं म्हणजे लेख वाचला गेला.

लिंकची गोष्ट छोटी, पण तिच्यावर बरंच अवलंबून असतं. अठ्ठावीस मिनिटं डेस्कवर कुणी पाहत नाही. यूट्यूबच्या लिंकच्या शेवटी सेकंद जोडले की व्हिडिओ तिथूनच सुरू होतो. 4 मिनिटं 12 सेकंद म्हणजे 4 गुणिले 60 अधिक 12, 252 सेकंद, लिंकच्या शेवटी?t=252 असं येतं. लिंकमध्ये आधीच प्रश्नचिन्ह असेल तर &t=252. शेअर करताना ‘Start at’ ची चौकट टिचकली तरी हेच होतं. पाठवण्याआधी लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघावी. व्हिडिओ चुकून ‘Private’ राहिलेला असतो आणि पाठवणाऱ्याला तो स्वतःच्या खात्यातून दिसत असल्यानं कळत नाही.

फोटोंवरून बरीच फीचरं राहतात. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो दाबला जातो. पडद्यावर बरा दिसतो, छापला की वीरगळाच्या चौकटी एकमेकांत विरघळतात. तीन कॉलमी फोटो ढोबळमानानं पाच इंच रुंद धरला आणि इंचाला 300 ठिपके धरले, तर रुंदी किमान 1500 पिक्सेल हवी. त्यामुळं मूळ फोटो ईमेललाच जोडायचा. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, तेवढ्यात तीन फोटो आरामात बसतात. व्हिडिओतून पकडलेलं चित्र मात्र पाठवू नये, ते हलत्या कॅमेऱ्यातलं असतं आणि कडा फुटतात. दगडाचा फोटो सकाळी किंवा उन्हं कलताना काढावा. तिरप्या उजेडात उथळ कोरीवकाम उठून येतं, भर दुपारी सपाट दिसतं. आणि कोरीवकाम दिसावं म्हणून खडू फासणं, तेल ओतणं, तारेच्या ब्रशनं घासणं हे अजिबात करू नये. चॅनेलवाल्यांमध्ये ही खोड दिसते. त्यानं दगड खराब होतो, आणि तसा फोटो छापला तर पुढचे दहा जण तेच करतात.

मजकूर ईमेलमध्येच, युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल समोरच्याकडे चिन्हांची खिचडी होऊन उघडते. पीडीएफ तर नकोच. त्यातून मराठी मजकूर उचलला की जोडाक्षरं तुटतात.

वार्ताहराला आधी सांगितल्याचं वाक्य का आहे, ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. संपादकाला प्रस्ताव आवडला तर बहुतेक वेळा तो तालुक्याच्या वार्ताहरालाच जायला सांगतो. त्याला वगळून थेट वर लिहिलं आणि काम त्याच्याकडेच आलं, तर ते रखडतं. फोन करून ‘अण्णा, संपादकांना असं असं लिहितोय’ एवढं म्हटलं तरी पुरतं. बरेचदा तोच सांगतो की रविवारच्या पुरवणीचं पान कोण बघतं आणि ईमेल कोणत्या पत्त्यावर टाकायची. कार्यालयाच्या सर्वसाधारण पत्त्यावरची ईमेल कोण उघडतो, हे कधी कधी कार्यालयालाही माहीत नसतं.

एकाच वेळी पाच दैनिकांना, तेही सगळे पत्ते वर दिसतील असे, पाठवलेली ईमेल पाचही जण सोडून देतात. एकाकडे पाठवावी, आठवडाभर थांबावं, मग एकदा फोन करावा. फोन दुपारी. संध्याकाळी सहानंतर पानं लावायची घाई असते. त्या वेळी ‘माझी ईमेल पाहिली का’ विचारणाऱ्याला मिळणारं उत्तर प्रस्तावाबद्दल नसतं, वेळेबद्दल असतं. नकार आला किंवा काहीच आलं नाही, तर ‘आता दुसरीकडे पाठवतोय’ असं कळवून पुढच्या दैनिकाकडे जावं. फोनवर कुणी ‘जाहिरात द्या, मग बघू’ म्हणालं, तर ते फीचर नाही, जाहिरात आहे. नम्रपणे नको म्हणावं.

लेख आला की त्यात चुका निघतील हेही धरून चालावं. नावाचं स्पेलिंग चुकेल, वीरगळ कोण्या शतकाचा म्हणून ठोकून दिलेला असेल, फोटोखाली भलतीच ओळ असेल. मोठी चूक असेल तर त्याच दिवशी दोन ओळींत, कागदाचा आधार देऊन कळवावी. दुरुस्ती छापून येवो न येवो, चॅनेलवर ती लगेच टाकता येते, आणि टाकावीच, कारण पुढच्या वर्षी तोच लेख कुणी तरी पुरावा म्हणून दाखवणार आहे.

वेळेचं एक गणित सर्वांत शेवटी सांगतो, कारण ते पाळलं नाही तर वरचं काही कामाचं नाही. पुरवणीची पानं दोन-तीन दिवस आधी लागतात, विषय त्याच्याही आधी ठरतात. उजनीच्या काठावर पाऊस नसला तरी पुण्याकडच्या धरणांतून पाणी सुटलं की भीमेतून ते खाली येतं आणि साठा भराभर चढतो. पावसाळा लागला की जुनं गावठाण पुन्हा पाण्याखाली. तेव्हा ईमेल एप्रिलमध्येच जायला हवी. जुलैत पाठवली तर संपादकाला दाखवायला नुसतं पाणी उरतं.